कुलूपबंद खोली आणि तिच्याकडे जाणारी वाट

तीन बेडरूमचा फ्लॅट बघायला गेलात की एजंट हॉल दाखवतो, स्वयंपाकघर दाखवतो, दोन बेडरूम उघडून दाखवतो आणि तिसऱ्या दारापाशी थांबून म्हणतो, "ही बंद राहील, मालकांचं सामान आहे आत." दाराला कडी, कडीला कुलूप. घर आवडलेलं असतं, भाडं आवाक्यातलं असतं, म्हणून माणूस मान डोलावतो. प्रश्न उभे राहतात ते सामान लागल्यावर. मालक या खोलीसाठी वाटेल तेव्हा येऊ शकतात का? आपण कामावर असताना स्वतःच्या किल्लीनं दार उघडून आत जाऊ शकतात का? आतल्या बाथरूममधून पाणी झिरपलं तर कुलूप कोण काढणार? आणि उद्या आतलं काही सापडलं नाही, तर बोट कोणाकडे दाखवलं जाईल?

भाड्याच्या घरातल्या कुलूपबंद खोलीचे नियम म्हणून वेगळं असं एखादं कलम महाराष्ट्राच्या भाडे कायद्यात नाही. त्यामुळे उत्तर शोधायचं ते आधी स्वतःच्या करारात आणि मग त्या करारामागच्या कायद्यात. तिथे दोन गोष्टी तपासायच्या असतात. ती खोली करारानं तुम्हाला दिलेल्या घरात मोडते की नाही, ही पहिली. दुसरी बहुतेकांच्या लक्षातच येत नाही, ती म्हणजे त्या खोलीकडे जाणारी वाट. खोली मालकांची असली तरी ती तुमच्या हॉलच्या पलीकडे आहे. माझ्या मते भांडणं होतात ती खोलीवरून कमी आणि या वाटेवरून जास्त.

आपल्याकडे शहरांतली बहुतेक राहती घरं लिव्ह अँड लायसन्स करारानं दिली जातात, सहसा अकरा महिन्यांसाठी. या करारात मालक तुम्हाला ठरावीक मुदतीपुरती आणि ठरावीक जागेपुरती वापराची परवानगी देतो. जागेत तुमचा हक्क निर्माण होत नाही. भाडेपट्ट्यात तो होतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ मध्ये अशा परवानगीनं राहणाऱ्याची जी व्याख्या आहे, ती पूर्ण जागेला लागू होते तशीच जागेच्या एखाद्या भागालाही. म्हणजे घराचा काही भाग देणं आणि एक खोली स्वतःकडे राखणं यात बेकायदा काहीच नाही. अट एवढीच की काय दिलं आणि काय राखलं हे कागदावर दिसलं पाहिजे.

नेमकं तेच बहुतेक करारांत दिसत नाही. ऑनलाइन नोंदणीच्या ठरावीक नमुन्यात फ्लॅटचा क्रमांक, मजला, इमारतीचं नाव आणि क्षेत्रफळ भरायचं असतं. एजंट तिथे अख्ख्या फ्लॅटचं क्षेत्रफळ टाकतो आणि पुढे जातो. बंद खोलीचा उल्लेख कुठेच नसतो, ती फक्त तोंडी ठरलेली असते. मग कागदावर पूर्ण फ्लॅट तुमचा आणि प्रत्यक्षात एका दाराला दुसऱ्याचं कुलूप, अशी स्थिती तयार होते. हे वरवर भाडेकरूच्या सोयीचं वाटेल, पण दोन्ही बाजूंना ते अडचणीचं आहे. मालकानं उद्या घर परत मिळवण्यासाठी याच कायद्याच्या कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज केला, तर लेखी करारात नमूद केलेल्या गोष्टी निर्णायक पुरावा मानल्या जातात. तोंडी काय ठरलं होतं याला तिथे फारसं वजन राहत नाही. भाडेकरूच्या बाजूनं बघितलं, तर ती खोलीही कागदोपत्री त्याच्याच ताब्यात दिलेली दिसते. तिच्यातल्या गळतीची, वाळवीची किंवा हरवलेल्या वस्तूची जबाबदारी माझी नाही, हे त्याला वेगळं सिद्ध करत बसावं लागतं.

खोली राखून ठेवायच्या या सवयीला मुंबईच्या घरभाड्याचा इतिहास चिकटलेला आहे. १९४७ चा मुंबई भाडे कायदा भाडेकरूला इतकं भक्कम संरक्षण देत असे की एकदा आत आलेला माणूस बाहेर काढणं मालकाला जवळजवळ अशक्य होई. तेव्हा मालक 'भाडेकरू नव्हे, परवानगीनं राहणारा' असा कागद करू लागले. पण कागदावर काय नाव आहे यापेक्षा जागेचा एकट्याचा ताबा कोणाला दिला आहे याकडे न्यायालयं बघत, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या १९५९ च्या असोसिएटेड हॉटेल्स विरुद्ध कपूर या निकालापासून ती कसोटी पक्की झाली. घरात एखादी खोली, निदान एखादं कपाट कुलूप लावून आपल्याकडे ठेवलं की 'पूर्ण ताबा मी दिलेलाच नाही' असं म्हणायची सोय राहते, हा त्यामागचा हिशोब होता. १९७३ च्या दुरुस्तीनं त्यालाही धक्का दिला. त्या वर्षी १ फेब्रुवारीला जो कोणी चालू परवानगीनं निदान एका खोलीएवढ्या जागेत राहत होता, तो कायद्यानं भाडेकरू ठरला. मालकांच्या मनात त्या वर्षाची धास्ती पुढे कित्येक वर्षं होती.

आजचा कायदा ३१ मार्च २००० पासून लागू आहे आणि त्यात मालकाला त्या हिशोबाची गरज उरलेली नाही. करार लेखी आणि नोंदणीकृत असला की मुदत संपल्यावर जागा सोडणं बंधनकारक आहे, आणि न सोडल्यास ठरलेल्या भाड्याच्या दुप्पट दरानं भरपाई द्यावी लागते. म्हणून 'कायद्याच्या सुरक्षेसाठी एक खोली आमच्याकडे ठेवतो' असं कोणी मालक म्हणाले, तर त्यांना नम्रपणे सांगावं की ती सुरक्षा नोंदणीतूनच मिळते. आता बंद खोलीचं खरं कारण एकच उरतं, ते म्हणजे सामान ठेवायला जागा हवी असते. हे कारण पूर्णपणे रास्त आहे. मुलाकडे किंवा मुलीकडे काही महिन्यांसाठी परदेशी जाणाऱ्या माणसांनी संसार कुठे हलवायचा? वडिलांच्या वेळचा शिसवी पलंग, पितळी भांडी, पुस्तकांची कपाटं, घराचे जुने कागद हे सगळं गोदामात टाकण्यापेक्षा आपल्याच घरातल्या एका खोलीत ठेवावंसं वाटणं स्वाभाविक आहे. भाडेकरूनं हे समजून घेतलं की बोलणी सोपी होतात.

आता वाटेकडे येऊ. तुम्हाला दिलेल्या जागेत मालकानं कसं यावं, याबद्दल कायद्यात स्पष्ट तरतूद आहे. कलम २८ प्रमाणे मालकाला जागेची पाहणी करण्याचा हक्क आहे, पण आगाऊ सूचना देऊन आणि वाजवी वेळी. परवानगीनं राहणाऱ्यालाही हे लागू होतं. नोंदणीच्या नमुन्यातही पाहणीचं कलम असतंच, आणि तेही सूचनेची अट घालतं. हा हक्क पाहणीपुरता आहे, हेही लक्षात घ्यायला हवं. आपल्या खोलीतल्या ट्रंका काढायला, ठेवायला, हिवाळ्याचे कपडे न्यायला दर पंधरा दिवसांनी येणं हे त्या हक्कात आपोआप बसत नाही. त्यासाठी वाटेची वेगळी परवानगी लागते आणि ती करारातच लिहायची असते. मालकाची खोली त्याच्या ताब्यात राखलेली असली तरी हॉल तुमच्या वापरात दिलेला आहे, आणि हॉल ओलांडल्याशिवाय खोली येत नाही.

किती आधी सूचना म्हणजे 'आगाऊ', हे राज्याचा कायदा तासांत सांगत नाही. केंद्र सरकारनं २०२१ मध्ये जो आदर्श भाडेकरार कायद्याचा मसुदा राज्यांपुढे ठेवला, त्यात किमान २४ तास आधी लेखी किंवा इलेक्ट्रॉनिक माध्यमातून सूचना द्यावी असं आहे. तो मसुदा इथे बंधनकारक नाही, पण बोलणी करताना मोजमाप म्हणून उपयोगी पडतो. माझ्या मते बंद खोलीसाठी ४८ तास ठरवावेत. पाहणी एखाद्या वेळी निघते, पण सामानासाठीच्या फेऱ्या वारंवार होतात आणि त्या कुठल्याही परिस्थितीत तातडीच्या नसतात.

एक उदाहरण घेऊन हे कागदावर कसं उतरवायचं ते बघू. समजा, पुण्यात कोथरूडला ९०० चौरस फूट चटई क्षेत्राचा तीन बेडरूमचा फ्लॅट आहे. मालक निवृत्त जोडपं, वर्षभर मुलीकडे अमेरिकेला निघालेलं. बंद ठेवायची खोली १२० चौरस फुटांची, तिला लागून ३५ चौरस फुटांचं बाथरूम. म्हणजे १५५ चौरस फूट, घराचा साधारण १७ टक्के भाग. त्याच इमारतीत तीन बेडरूमचं भाडं ४०,००० आणि दोन बेडरूमचं ३०,००० चालू आहे असं धरू. मालक म्हणतात ३८,०००. नुसत्या क्षेत्रफळाच्या प्रमाणात १७ टक्के वजा केले तर भाडं ३३,००० च्या आसपास येतं. पण राहणाऱ्याच्या दृष्टीनं हे दोन बेडरूमचंच घर आहे, फक्त हॉल आणि स्वयंपाकघर थोडं मोठं. म्हणून बोलणी ३०,००० पासून सुरू करावीत आणि ३३,००० च्या वर जाऊ नये. खोली बंद आहे हे एजंटनं 'तसं तर घर तीनचंच आहे' म्हणून झाकू नये आणि आपणही झाकू देऊ नये.

भाडं ठरलं की करारातल्या जागेच्या वर्णनाला हात घालायचा. तिथे फ्लॅटचा क्रमांक तसाच ठेवून पुढे लिहायचं की आग्नेय कोपऱ्यातली सुमारे १२० चौरस फुटांची बेडरूम आणि तिला लागून असलेलं बाथरूम वगळून उरलेला फ्लॅट वापरासाठी दिला आहे. वगळलेला भाग मालकांच्या ताब्यात राहील आणि तो फक्त त्यांचं घरगुती सामान साठवण्यासाठी वापरला जाईल. एक साधा हातानं काढलेला नकाशा जोडावा आणि त्यावर ती खोली रेघांनी भरून दाखवावी. ही चार ओळींची भर घालायला एजंट कधीकधी कंटाळतो, 'सिस्टिममध्ये बसत नाही' म्हणतो. नमुन्यात जादा अटी लिहिता येतात. त्यानं सांगितलं म्हणून ही भर सोडून देऊ नये.

'फक्त साठवण्यासाठी' हे शब्द इथे फार महत्त्वाचे आहेत. मालकांचा भाचा परीक्षेसाठी पुण्याला येतो, चार दिवस त्या खोलीत राहील, चालेल ना, असा फोन येऊ शकतो. वरकरणी साधी विनंती असते आणि नाही म्हणायला संकोच वाटतो. पण त्या क्षणापासून तुमच्या घरात एक अनोळखी माणूस किल्ली घेऊन ये-जा करतो, तुमचा हॉल वापरतो, कदाचित तुमचं बाथरूमही. साठवणीसाठी राखलेली खोली राहण्यासाठी वापरणं ही वेगळीच बाब आहे. करारात ती स्पष्ट नाकारलेली असली की नाही म्हणण्याचा भार तुमच्यावर येत नाही, तुम्ही कागदाकडे बोट दाखवू शकता.

मग वाटेचं कलम. आपल्या उदाहरणात मालक परदेशी आहेत, म्हणून खोली उघडायला कोण येणार हे आधी ठरवलं पाहिजे. त्यांनी धाकट्या भावाला कुलमुखत्यारपत्र दिलं असेल तर त्याचं नाव लिहावं आणि त्याच्याखेरीज दुसऱ्या कोणाला पाठवायचं झाल्यास मालकांनी स्वतः आधी कळवावं असं म्हणावं. पुढचा मजकूर असा असू शकतो: 'राखीव खोलीत जाण्यासाठी मालक किंवा त्यांचे वरील प्रतिनिधी दोन महिन्यांतून एकदा, किमान ४८ तास आधी मोबाइल संदेशानं कळवून, सकाळी दहा ते संध्याकाळी सहा या वेळेत, भाडेकरू किंवा त्यांनी सांगितलेली व्यक्ती घरात असताना येतील. येण्या-जाण्यासाठी हॉल आणि पॅसेज एवढाच भाग वापरला जाईल. सांगितलेली वेळ भाडेकरूंना गैरसोयीची असेल तर ते पुढच्या सात दिवसांतली दुसरी वेळ देतील.' शेवटचं वाक्य मालकांच्या संरक्षणासाठी आहे. भाडेकरूनं 'आज जमत नाही, उद्याही जमत नाही' करत त्यांना स्वतःच्याच सामानापासून दूर ठेवणं हेही होतं, आणि तेही अन्यायाचंच आहे.

मुख्य दाराच्या दुसऱ्या किल्लीचा प्रश्न याच वेळी काढावा. ती मालकांकडे राहणार असेल तर 'फक्त आणीबाणीत, आणि भाडेकरूंना फोन केल्यावरच' असं लिहून घ्यावं. आपण घरात असताना आतून लावायची कडी किंवा साखळी दाराला असावी. नसेल तर मालकांना सांगून बसवून घ्यावी. परस्पर लॅच बदलू नये, कारण घरात बदल न करण्याची अट करारात असतेच आणि वाद झाला तर तीच आधी पुढे येते.

आणीबाणीसाठी खोलीची किल्ली जवळपास असणं गरजेचं आहे. भाऊ कोल्हापुरात आणि मालक अमेरिकेत असतील तर गळती सुरू झाल्यावर फोनवर बोलून काहीच साधत नाही. एक उपाय सोपा आणि चांगला आहे. किल्ली लिफाफ्यात घालायची, लिफाफा चिकटवून त्याच्या जोडावर दोघांनी सह्या करायच्या आणि तो सोसायटीच्या सेक्रेटरींकडे किंवा दोघांना चालेल अशा शेजाऱ्यांकडे ठेवायचा. लिफाफा फोडायची वेळ आली तर आधी मालकांना फोन, मग दोन साक्षीदार आणि दार उघडण्यापासून पुन्हा बंद करेपर्यंत मोबाइलवर सलग चित्रीकरण. किल्ली स्वतःकडे घ्यायला मालक तयार झाले तरी भाडेकरूनं ती घेऊ नये. किल्ली हातात आली की आतल्या प्रत्येक वस्तूची जबाबदारीही तिच्यामागून येते.

राहायला जायच्या दिवशीच कुलपावर कागदी पट्टी लावावी. दाराच्या फटीवर आडवी पट्टी, तिच्यावर दोघांच्या सह्या आणि तारीख, आणि पट्टीचा, कुलपाचा, दाराचा फोटो दोघांच्या फोनवर. मालक किंवा त्यांचे प्रतिनिधी खोली उघडून परत जातील तेव्हा नवी पट्टी आणि नवा फोटो. चोरीचा आळ भाडेकरूवर येऊ नये म्हणून इतकं स्वस्त आणि इतकं भक्कम दुसरं काही नाही. आतल्या सामानाची यादी मात्र तुम्ही मागू नये. त्यांचं काय आहे ते तुम्हाला माहीत नसणं हेच तुमच्या फायद्याचं. यादीऐवजी एक हमी मागावी: आत गॅस सिलिंडर, इन्व्हर्टरची बॅटरी, थिनर, रॉकेल असं काही ज्वलनशील ठेवलेलं नाही, आणि नाशवंत धान्यही नाही. जुन्या घरातून उरलेले अर्धे रंगाचे डबे माणसं सहज अशा खोलीत सरकवतात.

बंद खोली स्वतः काही बोलत नाही, म्हणून तिची लक्षणं ओळखता आली पाहिजेत. पहिलं लक्षण वास. बंद बाथरूममध्ये महिनोन् महिने पाणी पडलं नाही की फरशीतल्या नहाणी ट्रॅपमध्ये साठलेलं पाणी वाळून जातं. ते पाणीच ड्रेनेजचा वास आणि झुरळं अडवत असतं. ते आटलं की पाइपातली दुर्गंधी आणि किडे खोलीत आणि तिथून दाराखालून तुमच्या पॅसेजमध्ये येतात. उपाय म्हणजे खोली बंद करतानाच ट्रॅपवर जाड प्लास्टिक आणि टेप लावून तो बंद करणं, कमोडचं झाकण खाली टाकणं, आणि प्रत्येक फेरीला दोन्हींत पाणी ओतणं. दुसरं लक्षण भिंतीवर. पावसाळ्यात खिडकीची फट राहिली असेल तर सामायिक भिंतीला ओलाव्याचे डाग आणि बुरशी दिसते. तिसरं म्हणजे चौकटीच्या कडेनं वर चढणाऱ्या मातीच्या बारीक नळ्या. ती वाळवी आहे, आणि आत पुस्तकं व लाकडी सामान असेल तर वाट बघायची नसते. यातलं काहीही दिसलं की त्याच दिवशी फोटो काढून मालकांना पाठवावा. तुम्ही वेळेत कळवलं होतं, याचा पुरावा तोच.

विजेचं लक्षण दिसत नाही, ते बिलात येतं. आत जुना फ्रिज चालू राहिला असेल किंवा ओलावा शोषणारं यंत्र लावून ठेवलं असेल, तर त्याचं बिल तुम्ही भरत असता. तपासायला घरातल्या तुमच्या भागाचे सगळे स्विच आणि एमसीबी बंद करा आणि खाली जाऊन मीटर बघा. मीटरवर एक छोटा दिवा लुकलुकतो, आणि एका युनिटला तो किती वेळा लुकलुकतो तो आकडा मीटरवरच छापलेला असतो. समजा तो ३२०० आहे आणि सगळं बंद असतानाही दिवा दर अकरा सेकंदांनी लुकलुकतोय, तर कुठेतरी सुमारे १०० वॉटचं उपकरण चालू आहे. महिन्याला ७२ युनिट. त्या खोलीचा एमसीबी वेगळा असेल तर तो करारातच 'बंद राहील' असं ठरवून टाकावं.

हे सगळं करार करताना ठरलं तर उत्तम. पण बरेच वाचक आधीच अशा घरात राहत असतील आणि त्यांच्या करारात खोलीचा उल्लेखही नसेल. त्यांनी भांडणाची वाट न बघता साधा संदेश पाठवावा: 'काका, नमस्कार. तुमच्या बंद खोलीबद्दल आपलं तोंडी ठरलं होतं, पण करारात ते आलेलं नाही. पुढे गैरसमज नको म्हणून लिहितो. खोली आणि आतलं सामान तुमच्या ताब्यात आहे, आमच्याकडे तिची किल्ली नाही. सामानासाठी यायचं असेल तर दोन दिवस आधी कळवाल का? आम्ही घरी थांबू. हे बरोबर असेल तर कृपया उत्तर द्या.' होकाराचं उत्तर आलं की निदान ताबा कोणाचा होता याचा पुरावा तयार होतो. नोंदवलेला करार अशा संदेशानं बदलत नाही. त्यासाठी पुरवणी करार करून तोही नोंदवावा लागतो, किंवा अकरा महिन्यांनी नूतनीकरण करताना वर्णन दुरुस्त करून घ्यावं.

मालक न कळवता येतच राहिले तर? प्रत्येक वेळची तारीख, वेळ आणि तुम्ही पाठवलेला संदेश जपून ठेवा. मग कलम २८ चा आणि करारातल्या पाहणीच्या कलमाचा उल्लेख करून ईमेल आणि स्पीड पोस्टानं पत्र द्या. बहुतेक प्रकरणं इथे थांबतात, कारण लेखी पत्र आलं की समोरचा माणूस विचार करतो. पोलिसांकडे गेलात तर ते बहुधा हा दिवाणी वाद आहे म्हणतील. धमकावणं, अपमान करणं किंवा त्रास देणं याच हेतूनं कोणी घरात शिरला तर मात्र फौजदारी अतिक्रमणाचा मुद्दा उभा राहतो, आणि तेव्हा तक्रार नोंदवण्याचा आग्रह धरावा. मनाईसाठी दिवाणी दावा करता येतो, पण अकरा महिन्यांच्या करारात वकिलाची फी आणि तारखा यांचा हिशोब केला तर करारातल्या अटीप्रमाणे नोटीस देऊन घर सोडणं पुष्कळदा शहाणपणाचं ठरतं. लॉक-इन मुदत असेल तर ती आधी वाचा. तिच्या आत बाहेर पडायचं असेल तर मालकांनी पाळलेल्या आणि न पाळलेल्या अटींची तुमची नोंद डिपॉझिटच्या बोलणीत कामाला येते. याच काळात मालकांनी दबावासाठी पाणी किंवा वीज तोडली, तर न्यायालयाकडे जाता येतं. अत्यावश्यक सोयी रोखण्याची मुभा मालकाला नाही.

कुलूप स्वतः तोडायचं नाही, हे मात्र निक्षून सांगतो. करारात पूर्ण फ्लॅट तुमच्या नावानं लिहिलेला असला तरीही नाही. आतलं सामान दुसऱ्याचं आहे, आणि एकदा कुलूप तुटलं की काय होतं आणि काय नव्हतं याचं उत्तर कुणालाच देता येत नाही. धूर येतोय, पाणी खालच्या मजल्यावर टपकतंय, अशी वेळ आलीच तर आग असल्यास आधी १०१ ला फोन, नाहीतर सेक्रेटरींना बोलवा, मालकांना व्हिडिओ कॉल लावा आणि लिफाफा नसेल तर त्यांच्या समक्ष कुलूप काढा. बिघाड थांबवण्यापुरतंच आत जा. नंतर नवं कुलूप लावून नवी पट्टी चिकटवा, किल्ली सेक्रेटरींकडे द्या आणि काय घडलं ते वेळेसह एका कागदावर लिहून हजर असलेल्या सगळ्यांच्या सह्या घ्या. प्लंबरचा आणि कुलपाचा खर्च मालकांचा, कारण बिघाड त्यांच्या राखीव भागातला. हेही करारात एका ओळीत लिहिता येतं.

घर सोडताना किल्ल्या देण्याआधी मालक किंवा त्यांचे बंधू यांना त्या दारापाशी न्यावं. पट्टी शाबूत आहे, कुलूप तेच आहे, हे दोघांनी बघावं आणि ताबा परत केल्याच्या पावतीत तसं एक वाक्य लिहून सह्या कराव्यात. शक्य असेल तर मालकांनी त्याच वेळी खोली उघडून आतलं सामान बघून घ्यावं, आणि त्याच पावतीवर 'तक्रार नाही' असं लिहून डिपॉझिट परत करावं.